महिन्याला वीस पाने

जून उजाडला की शाळा-कॉलेजांच्या सूचनाफलकावर कागदांची गर्दी होते. वेळापत्रक, गणवेश, फीच्या तारखा, शिष्यवृत्तीचे अर्ज. त्यात अलीकडे आणखी एक कागद दिसू लागला आहे. त्याचा मजकूर साधारण असा असतो:

*इयत्ता अकरावी व बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, ग्रंथालयातील प्रिंटरवर प्रत्येक विद्यार्थ्यास दरमहा २० पाने विनामूल्य छापून मिळतील. शिल्लक पाने पुढील महिन्यात धरली जाणार नाहीत. त्यापुढील प्रत्येक पानास २ रुपये आकारले जातील. प्रिंट घेतल्यावर नोंदवहीत सही करणे बंधनकारक आहे. — ग्रंथपाल*

सूचना चार वाक्यांची. पण ती लागल्यावर ग्रंथालयाच्या टेबलाशी जी कुरबुर सुरू होते, ती वर्षभर थांबत नाही. वीसच का? तीस का नाहीत? मागच्या महिन्यात मी एकही पान काढले नाही, मग ती वीस गेली कुठे? पान फिकट आले, तेही माझ्याच नावावर का? पालकसभेत एखादे वडील उठून म्हणतात, एवढी फी घेता आणि कागद मोजता?

हा आकडा कसा ठरतो आणि कसा मोजला जातो, हे एकदा नीट पाहिले की यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ सापडते. काही तक्रारी गैरसमजातून येतात, काही अगदी रास्त असतात. आणि रास्त तक्रारींचे कारण वीस हा आकडा क्वचितच असतो. सूचनेत जे लिहायचे राहून गेले, तिथे त्या जन्मतात.

एक पान कितीला पडते

एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, पण हिशेबाची रीत अशीच असते. अकरावी-बारावी मिळून २४० विद्यार्थी. ग्रंथालयात एक छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर. छपाईसाठी वर्षाची तरतूद ३६,००० रुपये.

कागदाचा हिशेब सरळ आहे. ५०० कागदांचे ए-फोर रीम ३०० रुपयांना घेतले, तर एक कागद ६० पैशांना पडतो. घोळ असतो तो टोनरचा. कार्ट्रिजच्या खोक्यावर ‘१,५०० पाने’ असे छापलेले असते आणि हिशेब करणारा तोच आकडा धरून बसतो. हा आकडा आयएसओ/आयईसी १९७५२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे काढलेला असतो. त्यासाठी ठरावीक नमुना-पाने सलग छापून पाहतात. त्या नमुन्यात पानाचा अवघा पाचेक टक्के भाग शाईने झाकलेला असतो. म्हणजे मोजक्या मजकुराचे, भरपूर मोकळी जागा सोडलेले, एखाद्या कार्यालयीन पत्रासारखे पान.

आपली मुले छापतात काय? पर्यावरण प्रकल्पाचे मुखपृष्ठ, त्यावर धरणाचा फोटो. ई-बालभारतीवरून उतरवलेल्या पाठ्यपुस्तकातला एखादा पाठ, ज्यात चौकटीमागे रंगाची पट्टी असते. रंगीत पट्टी काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर करड्या ठिपक्यांची होऊन येते आणि डोळ्यांना फिकट दिसली तरी टोनर पितेच. असे पान वीस टक्के झाकलेले असेल, तर त्याला नमुना-पानाच्या चौपट टोनर लागतो. साधी आणि चित्रांची पाने अशी सरमिसळ धरली की १,५०० पानांचे कार्ट्रिज ७५० पानांतच संपू शकते. ते भरून घ्यायला किंवा बदलायला ९०० रुपये लागले, तर पानामागे टोनर पडला १ रुपया २० पैसे. म्हणजे कागदाच्या दुप्पट.

त्यात रोलर, दुरुस्ती आणि वाया गेलेल्या पानांसाठी २० पैसे धरा. एक पान पडले २ रुपयांना. सूचनेतले ‘प्रत्येक पानास २ रुपये’ येते ते इथून. त्यात शाळेची कमाई नाही, आलेला खर्च तेवढा वसूल होतो.

आता ३६,००० रुपयांत १८,००० पाने झाली. जून ते फेब्रुवारी हे नऊ महिने धरले, तर महिन्याला २,००० पाने. २४० मुलांत सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८ पाने आणि थोडे वर.

आठ पानांत काही होत नाही. साधा प्रकल्पच बारा-तेरा पानांचा असतो. मग वीस आली कुठून? जाणता ग्रंथपाल भागाकार करून थांबत नाही, तो मागच्या वर्षीची नोंदवही उघडतो. तिथे त्याला दिसते की एका महिन्यात सगळी मुले कधीच येत नाहीत. समजा, नेहमीच्या महिन्यांत जास्तीत जास्त ९० मुलांनी प्रिंट काढलेल्या आहेत. त्या सगळ्यांनी वीसच्या वीस पाने वापरली तरी होतात १,८००. म्हणजे २,००० च्या आत. कागदावर शाळेने २४० गुणिले २०, म्हणजे ४,८०० पानांचा शब्द दिलेला असतो आणि तिच्या हाती असतात २,०००. तरीही शब्द पाळला जातो, कारण सगळे एकदम मागायला येत नाहीत. बँकेत सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत, यावर बँक चालते, तसेच हे.

शिल्लक पाने जातात कुठे

मुलांना सगळ्यांत जास्त झोंबते ते दुसरे वाक्य. जूनमध्ये काही छापले नाही, जुलैमध्ये नाही, ऑगस्टमध्ये नाही. साठ पाने वाचवली. मग ती डिसेंबरात का मिळू नयेत?

वरच्या हिशेबात याचे उत्तर आहे. वीस हा आकडा टिकतो तो दीडशे मुले त्या महिन्यात आली नाहीत म्हणून. त्यांच्या न वापरलेल्या पानांतूनच इतरांना आठाऐवजी वीस मिळाली. ती पाने कुठे साठवून ठेवलेली नसतात, त्याच महिन्यात दुसऱ्या कुणीतरी वापरलेली असतात. शिल्लक पुढे न्यायची मुभा दिली, तर एकच पान दोघांच्या नावे लिहिले जाईल. मग ज्या महिन्यात सगळे आपापली शिल्लक घेऊन येतील, त्या महिन्यात कपाटात कागद नसेल.

आणि तो महिना ठरलेला आहे. बोर्डाच्या प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा जवळ आल्या की प्रकल्प-वह्या, जर्नलचे मुखपृष्ठ, जुन्या प्रश्नपत्रिका असे सगळे एकदम निघते. त्या दोन-तीन आठवड्यांत २४० पैकी २०० मुले आली आणि प्रत्येकाने वीस पाने मागितली, तर ४,००० पाने लागतील. महिन्याच्या तरतुदीच्या दुप्पट.

इथे प्रश्न पैशांपुरताही राहत नाही. छोट्या लेझर प्रिंटरच्या माहितीपत्रकात ‘ड्यूटी सायकल’ म्हणून काही हजार पानांचा आकडा मोठ्या अक्षरांत दिलेला असतो. तो आहे यंत्र एखाद्या महिन्यात सोसू शकेल ती कमाल मर्यादा. रोजच्या वापरासाठी सुचवलेला आकडा वेगळा असतो आणि बराच लहान असतो. टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा तापता भाग, ज्याला फ्यूजर म्हणतात, तो आणि कागद ओढून घेणारा रबरी रोलर हे दोन भाग आधी थकतात. ऐन प्रकल्पाच्या आठवड्यात ‘प्रिंटर बंद आहे’ अशी पाटी लागते, तो योगायोग नसतो.

यावर तोडगा आहे, पण तो ग्रंथालयाच्या हातात नाही. विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांनी प्रकल्प जमा करायच्या तारखा एकेका आठवड्याच्या अंतराने ठेवल्या, तर तीच ४,००० पाने तीन आठवड्यांत पसरतात आणि यंत्राला उसंत मिळते. पैशांसाठी वेगळी तजवीज लागते. नऊ महिन्यांची तरतूद सारखी न वाटता, जून-जुलैच्या थंड महिन्यांतून काही भाग आधीच जानेवारीसाठी राखून ठेवायचा आणि सूचनेत लिहायचे, ‘जानेवारीत ३० पाने’. शिल्लक पुढे न नेताही मुलांची गरज अशी भागते.

पान म्हणजे काय

सूचनेत ‘पान’ हा शब्द तीनदा येतो आणि त्याचा अर्थ कुठेच सांगितलेला नसतो. कागद की कागदाची एक बाजू? पाठपोट छापलेला एक कागद म्हणजे एक पान की दोन?

मुलांना वाटते, पाठपोट घेतले की निम्मी पाने वाचली. बहुतेक मोजणीच्या पद्धती मात्र बाजू मोजतात. खर्चाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. पाठपोट छापल्याने कागदाचे ६० पैसे वाचतात, टोनर तेवढाच जातो. पण मग त्या वाचलेल्या साठ पैशांचा मुलाला काहीच फायदा नाही आणि तो पुढच्या वेळी पाठपोट छापायचे कष्ट घेणार नाही. काही ठिकाणी यावर साधा उपाय करतात: पाठपोट कागद दीड पान धरायचा. हिशेबालाही तो जवळचा आहे. एकेरी दोन पाने ४ रुपयांची, पाठपोट कागद ३ रुपये ४० पैशांचा. दीड पान म्हणजे ३ रुपये, थोडी सवलत शाळेने दिली.

छोट्या प्रिंटरवर पाठपोट छपाई आपोआप होत नाही. आधी विषम पाने काढायची, गठ्ठा उलटून परत ट्रेमध्ये घालायचा, मग सम पाने. गठ्ठा कोणत्या बाजूने फिरवायचा हे प्रत्येक यंत्राचे वेगळे. चुकले की दुसरी बाजू उलटी येते किंवा दोन्ही मजकूर एकाच बाजूवर चढतात. म्हणून ट्रेजवळ एक चिठ्ठी चिकटवलेली बरी: ‘छापलेली बाजू वर, पानाचे डोके आत’, किंवा त्या यंत्राला जे लागू असेल ते. त्याआधी दोनच पानांवर करून पाहावे.

खरी बचत एका बाजूवर दोन पाने छापण्यात आहे. प्रिंटच्या चौकटीत ती सोय असते. दोन ए-फोर पाने आडव्या कागदावर शेजारी-शेजारी बसतात, प्रत्येक सुमारे ७१ टक्क्यांवर येते. १२ पॉइंटचा मजकूर साडेआठ पॉइंटचा होतो. वाचायला बारीक, पण जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे यांना चालतो. बारा पानांची प्रश्नपत्रिका सहा बाजूंत येते आणि कोट्यातूनही सहाच जातात. जमा करायच्या प्रकल्पाला हे चालणार नाही. जोडाक्षरे गिचमिड होत असतील, तर मराठीच्या टिपणांनाही चालणार नाही. एक पान आधी काढून पाहिले की कळते.

मोजतो कोण

मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, वही आणि संगणक.

वहीत तारीख, हजेरी क्रमांक, पाने, सही. तिचा दोष सगळ्यांना माहीत आहे. गर्दीत कुणी सात पाने घेऊन पाच लिहितो. पण ती तपासता येते. प्रत्येक लेझर प्रिंटरच्या पोटात एक मोजणी चालू असते, आजवर छापलेल्या एकूण पानांची. ज्या यंत्राला पडदा आहे त्यावर ती दिसते, नसेल तर बटण दाबून माहितीचे पान काढावे लागते. सकाळचा आकडा ४१,२०६ आणि संध्याकाळचा ४१,२९१ असेल, तर दिवसात ८५ पाने गेली. वहीत ७२ भरत असतील, तर १३ पानांचा पत्ता नाही. माहितीचे पान काढले तर तेही त्यात मोजले जाते, एवढे ध्यानात ठेवायचे. रोज बारा-पंधराचा फरक पडत असेल तर एकट्या मुलांवर संशय घेऊन चालत नाही. कार्यालयातले कुणी नेटवर्कवरून त्याच प्रिंटरवर पत्रे काढत असण्याची शक्यता तितकीच असते.

संगणकावर मोजायचे, तर विंडोजमध्ये प्रत्येकाच्या पानांची मर्यादा ठरवायची सोय मुळात नाही. त्यासाठी पेपरकट यांसारखे वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते. लिनक्सवर मात्र छपाईचे काम सांभाळणाऱ्या ‘कप्स’ या व्यवस्थेतच ती सोय आहे. प्रिंटरचे नाव Library असेल, तर एवढी एक ओळ पुरते:

```
lpadmin -p Library -o job-quota-period=2592000 -o job-page-limit=20
```

शेवटचा आकडा पानांचा. मधला, २५,९२,०००, हा सेकंदांचा, म्हणजे बरोबर तीस दिवस. इथेच सूचना आणि यंत्र यांची फारकत होते. सूचना म्हणते ‘दरमहा’, म्हणून मुलगा एक तारखेची वाट पाहतो. यंत्राला महिना कळत नाही. ते आजपासून मागे तीस दिवस मोजते. कुणी १० जानेवारीला वीस पाने काढली असतील, तर १ फेब्रुवारीला त्याला नकार येईल. वाट मोकळी होईल ९ फेब्रुवारीला. मुलाला वाटते ग्रंथपालाने आपली पाने खाल्ली, ग्रंथपालाला वाटते मुलगा खोटे बोलतो, आणि दोघांचेही वहीतले आकडे बरोबर असतात. ‘दरमहा’ऐवजी ‘कोणत्याही सलग ३० दिवसांत’ असे लिहिले की हे भांडण मिटते.

याच सोयीच्या आणखी तीन गोष्टी माहीत हव्यात. पाठपोट कागद ती दोन पाने धरते, तिथे दीडचा हिशेब लावता येत नाही. मर्यादा प्रिंटरला एकच लागते, अकरावीला वीस आणि बारावीला तीस असा भेद करता येत नाही. आणि ती माणूस ओळखते ते लॉगिनच्या नावावरून. बऱ्याच ग्रंथालयांत सगळ्या संगणकांवर `student` हे एकच नाव आणि एकच पासवर्ड असतो. तिथे ही ओळ चालवली, तर सगळ्या शाळेला मिळून महिन्याला वीस पाने मिळतील. पहिल्या तासाला आलेली दोन मुले ती संपवतील. प्रत्येकाला वेगळे लॉगिन देणे जमत नसेल, तर वहीच चांगली.

बारा पानांची एकोणचाळीस

कोटा संपतो कसा, ते एका मुलीच्या उदाहरणाने पाहू. समजा, बारावीतल्या मुलीचा प्रकल्प घरच्या संगणकावर ११ पानांचा आहे. पेन-ड्राइव्हवर तिने वर्डची फाइल आणली. ग्रंथालयातल्या संगणकावर दुसरे सॉफ्टवेअर आहे, फॉन्ट दुसरा आहे. मजकूर थोडा पसरला आणि १२ पाने झाली. शेवटी दोन-तीन वेळा एंटर दाबलेले होते, त्यामुळे तेरावे कोरे पान तयार झाले. तिने प्रिव्ह्यू न पाहता प्रिंट दिली.

काहीच झाले नाही. प्रिंटरवर एक दिवा मिचमिचत राहिला. तिने पुन्हा प्रिंट दिली. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा.

झाले होते असे: फाइलमधल्या पानाचा आकार ‘लेटर’ होता. अमेरिकेत चालणारा हा कागद २१६ बाय २७९ मिलिमीटरचा, आपला ए-फोर २१० बाय २९७ चा. काही सॉफ्टवेअरमध्ये तो मुळातच निवडलेला असतो. प्रिंटर तो कागद घालण्याची वाट पाहत थांबला. दरम्यान तिची तीन कामे रांगेत जाऊन बसली. ग्रंथपालांनी येऊन बटण दाबले आणि यंत्र सुरू झाले. तेरा, सव्वीस, एकोणचाळीस. हवी होती ११, आली ३९.

वीसची मर्यादा असताना हे झालेच कसे? कप्समध्ये मर्यादा तपासली जाते ती काम रांगेत घेताना. त्या क्षणी तिच्या नावावर छापलेली पाने शून्य होती, म्हणून तिन्ही कामे आत गेली. पाने मोजली गेली ती नंतर, छापली जाताना. आता तिच्या खात्यावर ३९ पाने आहेत आणि तीस दिवस एकही नवीन पान निघणार नाही.

यातले प्रत्येक पाऊल टाळता येण्याजोगे आहे. घरीच पीडीएफ करून आणली, की फॉन्ट आणि पानांची मांडणी बहुधा जशीच्या तशी राहते. मराठीत हे जास्तच गरजेचे, कारण अजूनही पुष्कळ टंकलेखन केंद्रांत जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात. तो फॉन्ट ग्रंथालयातल्या संगणकावर नसला की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. पानाचा आकार ए-फोर आहे का, हे पाहायला एक क्षण लागतो. कोरे पान वगळायला छापायच्या पानांच्या जागी ‘1-12’ लिहायचे. आणि प्रिंट आली नाही, तर दुसऱ्यांदा बटण दाबायच्या आधी रांग उघडून पाहायची. काम तिथे असेल, तर ते पोचलेले आहे. दोष प्रिंटरपाशी आहे, आणखी प्रिंट देऊन तो जाणार नाही.

खराब पान कुणाचे

मूळ सूचनेत सर्वांत मोठी उणीव आहे ती इथे. पान फिकट आले, चुरगळले, अडकले, तर ते कोणाच्या हिशेबात?

पान पाहून दोष कुणाचा ते बहुतेक वेळा सांगता येते. मधोमध उभी फिकट पट्टी आली, तर कार्ट्रिजमधला टोनर संपत आला आहे. कार्ट्रिज काढून आडवे धरून दोन्ही बाजूंना हलक्या हाताने झुलवले, तर आणखी काही पाने निघतात. बोट फिरवल्यावर अक्षरे पुसली जात असतील, तर फ्यूजर पुरेसा तापत नाही किंवा कागद दमट आहे. वर-खाली ठरावीक अंतरावर तोच काळा ठिपका उमटत असेल, तर ड्रमवर किंवा एखाद्या रोलरवर ओरखडा किंवा डाग आहे. यातला एकही दोष विद्यार्थ्याचा नाही.

पावसाळ्यात हा प्रकार वाढतो, कोकणात तर फारच. उघडे पडलेले रीम हवेतला ओलावा शोषून घेते, कागदाच्या कडा वळतात, दोन-दोन कागद एकदम ओढले जातात आणि आत अडकतात. रीम लागेल तेवढेच उघडावे, बाकीचे वेष्टनातच ठेवावे. संध्याकाळी ट्रेमधले कागद काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो.

काटकसर म्हणून पाठकोरे कागद पुन्हा ट्रेमध्ये घालायची पद्धत अनेक शाळांत आहे. हेतू चांगला, पण लेझर प्रिंटरला ते सोसेलच असे नाही. एकदा तापून गेलेला कागद वळलेला असतो आणि चटकन अडकतो. त्यात स्टेपलरची एखादी पिन राहिली, तर आतल्या भागांना ओरखडा पडतो. साठ पैशांच्या कागदासाठी हजार रुपयांची दुरुस्ती करावी लागते. पाठकोरे कागद कच्च्या लेखनाला द्यावेत, खर्डा म्हणून त्यांचा उपयोग अधिक.

म्हणून सूचनेत एक वाक्य असायलाच हवे: ‘यंत्राच्या दोषाने खराब झालेले पान त्याच दिवशी टेबलावर जमा केल्यास ते मोजले जाणार नाही.’ वहीत हे सोपे आहे, आकडा खोडून सही करायची. कप्समध्ये एकाच मुलाला पाने परत द्यायची सरळ सोय नाही. तिथे ग्रंथपालाने आपल्या लॉगिनवरून तेवढी पाने काढून द्यावीत.

वीसनंतर

राहिले शेवटचे, दोन रुपयांचे वाक्य. बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन-ड्राइव्हवरून प्रिंट काढायला बहुधा याहून जास्त द्यावे लागतात. त्यामुळे शाळेतले दोन रुपये स्वस्तच. पण त्यात एक मेख आहे. पैसे देऊन हवी तेवढी पाने मिळत असतील, तर घरी प्रिंटर असलेला मुलगाही ग्रंथालयातच येईल. मधल्या सुट्टीत त्याची साठ पाने निघत असताना मागे उभ्या असलेल्या मुलीची चार पाने राहून जातील. पैसे भरले म्हणून सुट्टी लांबत नाही. म्हणून सशुल्क पानांनाही मर्यादा हवी, महिन्याला वीस म्हणा, आणि ती मधल्या सुट्टीत न देता शाळा सुटल्यावर द्यावीत.

याच्या उलट, काही पाने मुळी मोजूच नयेत. प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, शाळेनेच मागितलेला फॉर्म. ज्या मुलाच्या घरी प्रिंटर नाही, त्याचा कोटा शाळेच्या कागदांवरच संपला, तर अभ्यासासाठी उरले काय?

पालकांनी सभेत विचारायचेच असेल, तर वीसची तीस करा असे म्हणण्याआधी नोंदवही मागावी आणि तीत तीन गोष्टी पाहाव्यात. महिन्यात किती मुले आली, किती मुलांना कोटा संपल्यामुळे परत जावे लागले आणि यंत्राच्या मोजणीत व वहीत किती फरक पडला. दरमहा तीस-चाळीस मुले परत जात असतील आणि तरतुदीतले पैसे शिल्लक पडत असतील, तर आकडा खुशाल वाढवावा. मुले परत जात आहेत आणि पैसेही संपत आहेत, अशी स्थिती असेल, तर तरतूद वाढवायची मागणी करावी. पाने वहीत न भरता भलतीकडे जात असतील, तर कोट्यात बदल करून उपयोग नाही, आधी ती गळती शोधावी. हा हिशेब मार्चमध्ये झाला, तर जूनच्या सूचनेत वीसऐवजी योग्य आकडा लिहिता येईल, मग तो पंधरा असो की तीस.